कार्डावरचे षटकोन: एकोणीस तुकड्यांचं फूल हाताने कसं जोडायचं

षटकोनी तुकड्यांचं माझं पहिलं फूल टेबलावर सपाट बसेना. मधला तुकडा वाटीच्या बुडासारखा खाली गेला होता आणि भोवतीच्या सहा पाकळ्या कडेने वर उचलल्या होत्या. टाके बारीक होते, कापड चांगलं सुती होतं, इस्त्री तीनदा फिरवून झाली होती. शेवटी सगळं उसवलं आणि आतली कार्डं एकावर एक ठेवून पाहिली. मधलं कार्ड पहिल्या पाकळीच्या कार्डापेक्षा मिलिमीटरभर मोठं निघालं. मी पहिल्या कार्डावरून दुसरं आखलं होतं, दुसऱ्यावरून तिसरं, आणि सगळ्यात शेवटी कापलेलं कार्ड नेमकं मध्यभागी बसवलं होतं. दर वेळी पेन्सिलीच्या रेघेची जाडी त्यात मिळत गेली होती.

तेव्हापासून मी शिकवताना सुईकडे शेवटी वळते. फूल सपाट बसणार की नाही, हे कार्ड कापताना आणि कापड टाचताना ठरून जातं. जोडणीचे टाके तुकडे फक्त धरून ठेवतात, आधीची चूक ते दुरुस्त करू शकत नाहीत. म्हणून या लेखात पहिल्या दोन कामांना जास्त जागा दिली आहे.

आपल्या गोधडीपेक्षा ही रीत मुळातच वेगळी आहे. गोधडीत कापडाचे थर एकावर एक पसरून धावदोऱ्याने शिवतात, तुकड्याची कड थोडी वाकडी असली तरी पुढच्या ओळीत सामावून जाते. इथे प्रत्येक तुकड्याला आतून कार्डाचा सांगाडा असतो. कापड त्यावर दुमडून टाचायचं, शेजारच्या तुकड्याच्या कडेला कड लावून शिवायचं आणि चारी बाजूंनी शेजारी मिळाले की सांगाडा काढून घ्यायचा. ही पद्धत इंग्लंडमध्ये रुजली. १७१८ हे साल ज्यावर शिवलेलं आहे अशी रेशमी तुकड्यांची एक चादर ब्रिटनच्या क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात आहे, ती अशीच कागदांवर जोडलेली आहे. अमेरिकेत १८३५ मध्ये ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने षटकोनांच्या जोडकामाचा नमुना छापला. पुढे १९२० आणि ३० च्या दशकांत पिवळ्या मध्याची, रंगीत पाकळ्यांची ही फुलं तिकडे घरोघरी झाली, त्या नमुन्याला ‘आजीची फुलबाग’ अशा अर्थाचं नाव आहे. जुन्या अपुऱ्या राहिलेल्या कामांत आतले कागद कधी कधी तसेच सापडतात. पत्रं, हिशेबाचे कागद, वर्तमानपत्रांचे तुकडे. त्यांवरच्या तारखेवरून ते काम त्याआधीचं नाही, एवढं नक्की कळतं.

आपण एक फूल पूर्ण करू या: मध्ये एक तुकडा, त्याभोवती सहा पाकळ्या, त्याबाहेर बारा तुकड्यांचं कडं. एकूण एकोणीस. षटकोनाची बाजू अडीच सेंटिमीटर. पूर्ण झाल्यावर फूल साधारण साडेएकवीस बाय वीस सेंटिमीटरचं होतं, म्हणजे लहान उशीच्या अभ्र्यावर मधोमध बसेल एवढं.

कार्ड

षटकोन त्याच्या एका बाजूच्या लांबीने ओळखतात. अडीच सेंटिमीटरचा षटकोन म्हणजे ज्याची प्रत्येक बाजू अडीच सेंटिमीटर आहे तो. समोरासमोरच्या कोपऱ्यांत त्याचं अंतर पाच सेंटिमीटर भरतं आणि समोरासमोरच्या बाजूंत त्रेचाळीस मिलिमीटरच्या थोडं वर. कार्ड विकत घेताना किंवा कुणाकडून आणताना हे विचारून घ्या, कारण काही जण पूर्ण रुंदी सांगतात आणि मग दोघींची कार्डं एकमेकींना लागत नाहीत.

आखणी शाळेतल्या कंपासपेटीने होते. कंपास अडीच सेंटिमीटर उघडा आणि वर्तुळ काढा. तोच कंपास न हलवता वर्तुळावर कुठेही टेकवून एक खूण करा, त्या खुणेवर टेकवून पुढची, असं करत गेलात की सहावी खूण बरोबर सुरुवातीच्या बिंदूवर येते. सहाही खुणा पट्टीने जोडल्या की षटकोन तयार. शेवटची खूण केसभर जरी चुकली तरी कंपास मध्येच हलला आहे असं समजा आणि नव्याने काढा.

हा झाला मूळ साचा. तो जाड, गुळगुळीत प्लास्टिकवर उतरवा. जुन्या फाइलचं पारदर्शक कव्हर किंवा धुतलेली एक्स-रे फिल्म यासाठी उत्तम. बाकीची सगळी कार्डं याच एका साच्यावरून आखायची, कार्डावरून कार्ड कधीही आखायचं नाही. पेन्सिलीला बारीक टोक हवं. रेघ साच्याच्या बाहेर पडते, म्हणून कापताना ती रेघच कापून टाकायची. रेघ कार्डावर राहिली तर कार्ड मोठं झालं. घरी छपाईची सोय असेल तर एका पानावर षटकोन छापून घेता येतात, फक्त छापताना `Actual size` निवडलेलं असू द्या आणि छापलेली एक बाजू पट्टीने मोजल्याशिवाय कात्री लावू नका. पान बसवण्यासाठी प्रिंटर आकार थोडा लहान करून टाकतो आणि ते डोळ्याला कळत नाही.

कार्डाची जाडी हा निवडीचा भाग आहे. ते एवढं कडक हवं की कापड दुमडल्यावर नखाला कड लागली पाहिजे, आणि एवढं मऊ हवं की जोडताना मधून दुमडता आलं पाहिजे. पोस्टकार्ड किंवा साधी शुभेच्छापत्रं या मापाला बरोबर उतरतात. वर्तमानपत्र फार पातळ, बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा फार जाड. जाड पुठ्ठ्याचा तोटा दुहेरी आहे: तो दुमडत नाही, आणि कापडाला त्याच्या जाडीभोवती वळसा घालावा लागत असल्यामुळे तुकडा आखल्यापेक्षा मोठा होतो. लग्नपत्रिका आपल्याकडे घरोघरी साठलेल्या असतात आणि त्यांची जाडी छान असते, पण सोनेरी किंवा गुळगुळीत चकाकीच्या पत्रिका टाळा. त्यांवर कापड सरकतं, आणि गरम इस्त्रीखाली त्यांचा रंग फिकट कापडाला लागू शकतो. साध्या खरबरीत कागदाच्या पत्रिका मात्र जरूर वापरा.

एकोणीस कार्डं कापून झाली की ती गठ्ठ्यासारखी एकत्र धरा आणि टेबलावर एका कडेवर उभी करा. वरच्या कडांवरून बोट फिरवा. एखादं कार्ड वर आलेलं बोटाला लगेच लागतं. गठ्ठा साठ अंशांतून फिरवून पुढच्या बाजूवर उभा करा, पुन्हा बोट फिरवा. सहाही बाजूंनी असं पाहायला दोन मिनिटं लागतात. वर आलेलं कार्ड छाटत बसू नका, नवीन कापा.

आता प्रत्येक कार्डाच्या बरोबर मधोमध कागदाच्या पंचने एक भोक पाडून ठेवा. शेवटी कार्ड बाहेर काढताना या भोकात विणायच्या सुईचं टोक घालून ते उचलता येतं.

कापड

सुती, मध्यम जाडीचं, घट्ट विणीचं कापड घ्या. पॉपलिन, केंब्रिक, वापरलेल्या सुती शर्टाचा पाठीचा भाग, शिंप्याकडची ब्लाउजपीसची कतरण, सगळं चालतं. मलमल एकेरी वापरली तर आत दुमडलेली कड वरून दिसते. खण दिसायला सुंदर, पण त्याचे धागे कडेने सुटतात, म्हणून खणाला माया, म्हणजे कडेने आत दुमडायला सोडलेलं कापड, थोडी जास्त ठेवावी लागते. ताणणारं कापड पहिल्या फुलासाठी नको.

कापड आधी धुऊन वाळवा. नवीन सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि फुलातला एकच तुकडा नंतर आटला तर त्याच्या भोवतीच्या सहा शिवणी गोळा होतात. गडद लाल, निळा आणि काळा यांचा रंग जातो का तेही पाहा: ओल्या पांढऱ्या फडक्यावर तुकडा दाबून ठेवा, फडक्यावर रंग उतरला तर ते कापड पिवळ्या मध्याच्या शेजारी नको.

प्रत्येक कार्डासाठी साडेसहा बाय सहा सेंटिमीटरचा आयत कापायचा. कार्डाचे दोन कोपरे लांब बाजूच्या दिशेने ठेवले की भोवती सगळीकडे सहा मिलिमीटर माया मिळते. सहा पाकळ्यांसाठी वीस बाय तेरा सेंटिमीटरचा एक तुकडा पुरतो, बाहेरच्या बारासाठी वीस बाय सव्वीसचा. आयत कापला की कार्ड त्यावर ठेवून चारही कोपऱ्यांची जास्तीची टोकं छाटून टाका. षटकोनी आकार आधी आखून कापायची गरज नाही. माया कुठे सहा, कुठे आठ मिलिमीटर झाली तरी तुकड्याचं माप कार्ड ठरवतं, कापड नाही. पाचपेक्षा कमी मात्र नको, दुमड धरून राहत नाही.

कापडाचा उभा धागा सगळ्या तुकड्यांत एकाच दिशेला येईल असं पाहा. षटकोनाच्या काही बाजू उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या, येणारच, त्याला इलाज नाही, पण कार्ड आत आहे तोवर त्या ताणत नाहीत. बुट्टी किंवा फूल तुकड्याच्या मधोमध हवं असेल तर पारदर्शक साचा कापडावर सरकवत जागा ठरवा. त्यात कापड बरंच वाया जातं. मध्याच्या एका तुकड्यासाठी ते परवडतं, सहाही पाकळ्यांसाठी मी सहसा करत नाही.

टाचणं

टाचण्याच्या दोन रीती आहेत. एकीत सुई कापड आणि कार्ड दोन्हींतून जाते, कडेने लांब कच्चे टाके पडतात आणि शेवटी ते सगळे उसवावे लागतात. बाजू चार सेंटिमीटरहून मोठी असेल तर तीच रीत बरी, कारण मोठ्या तुकड्याची माया मध्येच उलगडते. आपल्या मापाला मी दुसरी वापरते: टाके फक्त कोपऱ्यांवर, फक्त मागच्या दुमडींतून. कार्डाला सुई लागतच नाही, त्यामुळे कार्ड सहज निघतं, पुन्हा वापरता येतं आणि कच्चा दोरा आतच राहू देता येतो.

कापड उलटी बाजू वर करून टेबलावर ठेवा, त्यावर मधोमध कार्ड. कापड आणि कार्ड मधल्या भोकाजवळ एका छोट्या चिमट्याने किंवा टाचणीने धरून ठेवा. टाचणीने धरलंत तर ती कार्डाच्या मधल्या भोकातून घाला. तुमच्या जवळची माया कार्डावर दुमडा आणि कडेवरून नख ओढा. शेजारची माया त्यावर दुमडा. कोपऱ्यावर एक दुमड दुसऱ्या दुमडीवर आलेली दिसेल. गाठ मारलेल्या दोऱ्याने या दोन्ही दुमडींतून, कार्ड न पकडता, एकाच जागी दोन बारीक टाके घ्या. दोरा तोडू नका. पुढची बाजू दुमडा, दोरा तसाच ओढत पुढच्या कोपऱ्यावर आणा, तिथे पुन्हा दोन टाके. सहाव्या कोपऱ्यावर शेवटची दुमड पहिल्या दुमडीच्या वर किंवा तिच्या खाली येते, दोन्ही चालतं. तिथे तीन टाके घेऊन दोरा कापा.

एक गोष्ट सगळ्या एकोणीस तुकड्यांत सारखी ठेवा, ती म्हणजे दुमडण्याची दिशा. मी उजव्या हाताची, घड्याळाच्या काट्याच्या उलट्या दिशेने जाते. तुम्हाला सोयीची असेल ती घ्या, पण बदलू नका. तीन तुकड्यांचे कोपरे जिथे एकत्र येतात तिथे मग मागच्या घड्या भोवऱ्यासारख्या एकमेकींच्या शेजारी बसतात. दिशा बदलली की दोन घड्या एकावर एक चढतात आणि तिथे बोटाला गाठ लागते.

आता ताण. याबद्दल मी थोडं जास्त बोलते, कारण नवीन हाताची चूक बहुतेक वेळा इथे होते. कापड सैल राहिलं तर ते कार्डाच्या कडेवर न वळता तिच्या पुढे मिलिमीटरभर जाऊन वळतं. तुकडा कडेने धरून नख फिरवलं की कड मऊ लागते, आत कार्ड जरा पुढे-मागे हलतं. असा तुकडा जोडला की कार्ड काढल्यानंतर तिथे फुगवटा येतो. उलट दोरा फार ओढला तर कार्डाचे कोपरे आत वाकतात. टाचलेला तुकडा टेबलावर सुलट बाजू वर करून ठेवून बघा, मध्य वर उचलला गेला असेल किंवा कोपरे गोल झाले असतील तर दोरा घट्ट झाला. बरोबर टाचलेल्या तुकड्याच्या सहाही कडा नखाला कडक लागतात आणि कोपरे टोकदार असतात. सैल तुकडा वाचवायचा प्रयत्न करू नका, दोन टाके कापून पुन्हा टाचा. चार मिनिटांचं काम आहे.

गोंदाच्या कांडीने माया चिकटवणाऱ्याही पुष्कळ जणी आहेत. वेळ वाचतो. पाण्यात विरघळणारी कांडीच घ्या आणि ती कार्डाच्या कडेपासून थोडी आत, अगदी पातळ लावा. कडेपर्यंत गोंद गेला तर जोडताना सुई अडते आणि कार्ड ओढून काढताना दुमडच उघडते. पांढरा बाटलीतला गोंद नको, तो वाळून कडक होतो.

कडेला कड

सुई बारीक आणि लांब हवी, दहा नंबरची शार्प्स चांगली. दोरा सुती किंवा बारीक पॉलिस्टर, हाताच्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतच्या लांबीएवढा, त्याहून लांब नाही. प्रत्येक टाक्यागणिक दोरा त्याच कडेवरून घासत जातो, लांब दोरा शेवटी पिंजतो. रंग दोन तुकड्यांपैकी गडद तुकड्याला जुळणारा घ्या. मधला पिवळा आणि पाकळ्या मरून असतील तर मरून. सगळ्याला चालेल असा एकच हवा असेल तर मध्यम करडा.

मधला तुकडा आणि पहिली पाकळी सुलट बाजू आत करून एकमेकांवर ठेवा, कडा आणि दोन्ही टोकांचे कोपरे तंतोतंत जुळवा, दूरच्या टोकाला चिमटा लावा. गाठ मायेच्या आत लपेल अशी सुई घाला आणि कोपऱ्यापासून अर्धा सेंटिमीटर अलीकडे बाहेर काढा. आधी कोपऱ्याकडे तीन टाके घ्या, कोपऱ्यावर दोनदा, मग तेच टाके ओलांडत दुसऱ्या टोकाकडे निघा. त्यामुळे कोपरा दुहेरी शिवला जातो. दुसऱ्या टोकाला पोचल्यावरही कोपऱ्यावर दोन टाके आणि दोन-तीन टाके मागे. सगळा ताण कोपऱ्यांवरच येत असतो.

टाका व्हिपस्टिचचा: सुई एका कडेतून आत, दुसऱ्या कडेतून बाहेर, दोरा वरून वळून पुन्हा त्याच बाजूने आत. सुई कडेला काटकोनात धरा. प्रत्येक दुमडीचे फक्त एक-दोन धागे उचलायचे. सुई कार्डात घुसली की हाताला अडथळा लागतो आणि बारीक करकर ऐकू येते. लगेच मागे घ्या आणि थोडी वरून घाला. दोन टाक्यांत दोन मिलिमीटर अंतर ठेवलं तर अडीच सेंटिमीटरच्या बाजूवर बारा-तेरा टाके पडतात. दोरा टाका कडेवर नीट टेकेल एवढाच ओढा. कड चुणली तर जास्त झाला. शिवण उघडून सुलट बाजूने बघा: टाके शिडीच्या पायऱ्यांसारखे दिसत असतील तर एक तर तुम्ही खोल धागे उचलले आहेत किंवा दोरा सैल आहे.

दोन कडा किंचित लहान-मोठ्या निघाल्या तर मधोमध आणखी एक चिमटा लावून फरक सुरुवातीपासूनच थोडा थोडा वाटून घ्या. शेवटच्या चार टाक्यांत ढकलू नका. मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर त्यातला एक तुकडा सैल टाचलेला आहे. कोणता, ते नख सांगेल.

पाकळ्यांचा क्रम

पहिली पाकळी लागली. दुसरी तिच्या शेजारी लावताना तिला दोन बाजू जोडायच्या आहेत, एक मध्याशी आणि एक पहिल्या पाकळीशी. मध्याशी असलेली बाजू पहिल्या पाकळीपासून दूरच्या टोकाकडून सुरू करा. शिवत शिवत पहिल्या पाकळीच्या कोपऱ्यापर्यंत या, तिथे दोन टाके घ्या, दोरा तोडू नका. आता दोन्ही पाकळ्यांच्या कडा एकमेकींसमोर आणायच्या. त्यासाठी मधला तुकडा कार्डासकट मधून दुमडा, बिनधास्त दुमडा. कडा समोर आल्या की आतून बाहेरच्या टोकाकडे शिवत जा. जमेल तिथे आतून बाहेर, म्हणजे एखादा केसभर फरक असलाच तर तो बाहेरच्या टोकाला निघून जातो, मध्यावर अडकून भोक करत नाही.

तिसरी, चौथी, पाचवी अशाच. सहाव्या पाकळीला तीन बाजू आहेत. पाचव्या पाकळीच्या बाहेरच्या टोकाकडून सुरू करून आत मध्यापर्यंत या, मध्याची बाजू शिवा आणि पहिल्या पाकळीच्या कडेने पुन्हा बाहेर जा. एका दोऱ्यात तिन्ही बाजू. आतापर्यंत बारा शिवणी झाल्या आणि सात तुकड्यांचं फूल तेरा बाय साडेबारा सेंटिमीटरचं झालं.

इथे थांबून फूल टेबलावर ठेवा. वाटीसारखं होत असेल तर मधला तुकडा मोठा किंवा पाकळ्या लहान आहेत. कडा फ्रीलसारख्या लाटा घेत असतील तर पाकळ्या मोठ्या, बहुधा सैल टाचलेल्या. दोन्ही वेळी पुढे जाऊ नका, बाहेरचं कडं लावलं की दोष वाढतो. फूल उजेडासमोर धरा आणि तीन तुकडे जिथे भेटतात त्या सहा जागा बघा. टाचणीच्या टोकाएवढा प्रकाश दिसला तर मागून त्या तीन कोपऱ्यांतून सुई गोल फिरवून एक टाका घ्या आणि ओढा, भोक मिटतं.

सगळं सपाट असेल तर उलट्या बाजूने कोरडी इस्त्री दाबा. दाबायची आणि उचलायची, सरकवायची नाही. मग मधल्या कार्डाच्या भोकात विणायची सुई घालून कार्ड बाहेर काढा. त्याच्या सहाही बाजू शिवल्या गेल्या आहेत, आता त्याची गरज नाही. पाकळ्यांची कार्डं अजून राहू द्या. त्यांच्या बाहेरच्या बाजू मोकळ्या आहेत, आणि त्यांतल्या उरेब बाजू आधाराशिवाय ताणतात. मधलं कार्ड गेलं की पुढच्या शिवणीसाठी फूल दुमडणंही सोपं जातं.

बाहेरचं कडं

बारा तुकड्यांत दोन प्रकारच्या जागा आहेत. सहा तुकडे दोन पाकळ्यांच्या मधल्या खाचेत बसतात, सहा तुकडे एकेका पाकळीच्या टोकावर. आधी खाचेतला तुकडा लावा: एका पाकळीच्या बाहेरच्या कोपऱ्याकडून आत खाचेपर्यंत या, तिथे दोन टाके, मग दुसऱ्या पाकळीच्या कडेने बाहेर. सहा खाचा भरल्या की पाकळ्यांच्या टोकांवर सहा जागा आपोआप तयार होतात, त्यांत प्रत्येकी तीन बाजू शिवायच्या, सहाव्या पाकळीसारख्याच. हा क्रम घेतला तर कडं लावताना गोंधळ होत नाही आणि कुठलाच तुकडा दोन शिवलेल्या कडांमध्ये जबरदस्तीने कोंबावा लागत नाही. कड्यासाठी तीस शिवणी लागतात, म्हणजे अख्ख्या फुलात बेचाळीस. मला टाचण्याला एक दुपार लागते आणि जोडायला तीन संध्याकाळी.

कड्याचा रंग पाकळ्यांपासून स्पष्ट वेगळा ठेवा. मरून पाकळ्यांभोवती गडद निळं कडं मी एकदा केलं होतं, दिवसा छान दिसायचं, संध्याकाळी दिव्याखाली दोन्ही एकच व्हायचे. रंग ठरवताना टाचलेले एकोणीस तुकडे न शिवता जमिनीवर मांडा आणि डोळे अर्धे मिटून बघा. त्या नजरेला जे एकत्र मिसळतं ते दुरूनही मिसळणार.

अभ्र्यावर बसवणं

कडं पूर्ण झालं की सहा पाकळ्यांची कार्डं काढा. बाहेरची बारा अजून आत हवीत. फूल पालथं घालून बाहेरच्या कडेच्या मायेला बोटाने पातळ स्टार्च लावा, त्यावर इस्त्री दाबा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम असतानाच कार्ड काढलं तर दुमड उलगडते. गार झाल्यावर बाराही कार्डं एक एक करून काढा. कड अजूनही धारदार दिसली पाहिजे.

धुतलेल्या सुती कापडाचा तेहेतीस सेंटिमीटरचा चौकोन घ्या. त्याला चारांत दुमडून नखाने घडी पाडा, म्हणजे मध्य आणि दोन रेषा मिळतात. फुलाचा मधला तुकडा त्या मध्यावर ठेवा आणि फुलाचे दोन समोरासमोरचे कोपरे एका घडीच्या रेषेवर आणा. कडेपासून सेंटिमीटरभर आत कच्च्या धावदोऱ्याने फूल टाचून घ्या. मग कडेने बारीक टाके घालत जा: सुई तळच्या कापडातून अगदी दुमडीखाली वर काढायची, दुमडीचे एक-दोन धागे उचलायचे आणि तिथेच पुन्हा खाली घालायची. बाहेरच्या टोकदार कोपऱ्यांवर दोन टाके. आतल्या खाचांवर तीन, कारण तिथे दोन तुकड्यांची शिवण संपते आणि धुताना तीच आधी उघडते.

उशीला मऊपणा हवा असेल तर खाली अस्तर आणि मध्ये जुन्या सुती साडीचा एक थर घालून गोधडीसारखा धावदोरा घाला, प्रत्येक षटकोनाच्या कडेपासून पाच-सहा मिलिमीटर आतून. थेट शिवणीवरून घालू नका. तिथे मागे मायेच्या घड्या आहेत, सुई अडते आणि टाके लहान-मोठे होतात.

काढलेली कार्डं फेकू नका. ज्यांचे कोपरे अजून टोकदार आहेत ती मूळ साच्यावर ठेवून तपासा आणि पुढच्या फुलासाठी डब्यात ठेवा. साधारण तीन-चार फुलांनंतर कोपरे बोथट व्हायला लागतात, मधलं दुमडलेलं कार्ड तर त्याआधीच. तेव्हा पुन्हा साच्यावरूनच नवीन कापा.